बारा ओळी आणि एक कोरा कागद

सबमिशनच्या आठवड्यात अभियांत्रिकीच्या कुठल्याही वसतिगृहात एकच दृश्य दिसतं. खोलीच्या मधोमध एक पूर्ण झालेलं जर्नल उघडं असतं आणि भोवती चार-पाच जण ते आपापल्या जर्नलमध्ये उतरवून काढत असतात. अक्षर नीटनेटकं असतं, प्रोग्रामही बरोबर असतो. मग ओरलच्या दिवशी समोरचे परीक्षक त्याच प्रोग्रामच्या एका ओळीवर बोट ठेवून विचारतात, "ही ओळ इथं का आहे?" आणि मुलं गप्प होतात.

प्रोग्रामिंगच्या प्रयोगशाळेत शिकवताना ही गप्प झालेली मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. त्यांतली एक कायम लक्षात राहिली. दुसऱ्या वर्षाला होती, अतिशय कष्टाळू. तिनं बायनरी सर्चचा प्रोग्राम फळ्यावर न अडखळता लिहिला, एक अक्षरही चुकलं नाही. मी `lo <= hi` या ओळीकडे बोट दाखवून विचारलं, "इथलं बरोबरचं चिन्ह काढून टाकलं तर काय होईल?" ती म्हणाली, "सर, तिथं बरोबरचं चिन्ह असतंच. मी दहा वेळा लिहून पाठ केलंय."

ती खोटं बोलत नव्हती. दहा वेळा लिहिलं होतं, म्हणूनच तर फळ्यावर उतरलं. पण तिनं प्रोग्रामचं चित्र पाठ केलं होतं आणि चित्रातली कुठली रेघ कशासाठी आहे हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पुढचे काही दिवस आम्ही त्याच बारा ओळींवर बसलो. दुसऱ्यानं सोडवलेलं उत्तर स्वतःचं कसं करायचं, हे मला त्या दिवसांत जेवढं स्पष्ट कळलं तेवढं पूर्वी कधी कळलं नव्हतं. म्हणून तो सगळा प्रवास इथं सांगतो. प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनाही तो समजेल, कारण मूळ कल्पना शब्दकोशात शब्द शोधण्याचीच आहे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या 1857 च्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. एखादा शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचत जात नाही. मधोमध उघडतो. हवा असलेला शब्द त्या पानाच्या पुढं असेल तर मागचा अर्धा कोश सोडून देतो, मागं असेल तर पुढचा. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा तेच. दर वेळी निम्मा ढीग बाजूला पडत असल्यामुळे साठ हजार शब्दांत फार तर सोळा वेळा डोकावावं लागतं. हाच बायनरी सर्च. पायथन भाषेत तो असा लिहितात:

```python
def shodh(yadi, x):
    lo = 0
    hi = len(yadi) - 1
    while lo <= hi:
        mid = (lo + hi) // 2
        if yadi[mid] == x:
            return mid
        elif yadi[mid] < x:
            lo = mid + 1
        else:
            hi = mid - 1
    return -1
```

`lo` म्हणजे शोधायच्या पट्ट्याची डावी कड, `hi` म्हणजे उजवी कड, `mid` म्हणजे मधली जागा. जागांची मोजणी शून्यापासून सुरू होते. संख्या सापडली तर तिची जागा परत मिळते, नाही सापडली तर `-1`.

इतकं साधं दिसणारं हे काम फसवं आहे, हे संगणकाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की या पद्धतीचा पहिला जाहीर उल्लेख 1946 सालचा, पण कुठल्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारं तिचं रूप छापून यायला त्यानंतर दशकाहून अधिक काळ गेला. जॉन बेंटली हे संगणकशास्त्राचे नावाजलेले अध्यापक व्यावसायिक प्रोग्रामरांना हाच प्रश्न घालायचे आणि त्यासाठी चांगले दोन तास द्यायचे. बहुसंख्यांच्या उत्तरात चूक निघायची, असा त्यांचा अनुभव आहे. कल्पना प्रत्येकाला माहीत होती. चुका व्हायच्या त्या एखाद्या बरोबरच्या चिन्हात किंवा एखाद्या `+ 1` मध्ये.

आता आमच्या प्रयोगाकडे येतो. पहिली अट मी अशी घातली की आज वाचायचं आणि लिहायचं मात्र उद्या. वाचल्या वाचल्या वही मिटून लिहिलं तर डोळ्यांसमोर अजून तरळणारी प्रतिमाच हातातून उतरते. ते उतरवून काढण्याहून फारसं वेगळं नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2006 मधला एक प्रयोग इथं फार उपयोगी पडतो. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढं निघाले. परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हापुन्हा वाचणाऱ्याला आपली तयारी झाली आहे असं का वाटतं आणि महिन्याभरानं काहीच का आठवत नाही, हे त्यातून उलगडतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कागद-पेन घेतलं. संगणक मुद्दाम दिला नव्हता, कारण संपादक अर्धी ओळ लिहिताच उरलेली सुचवतो. तिनं लिहिलेल्या बारा ओळींत एकच फरक होता. `hi = len(yadi) - 1` ऐवजी तिनं `hi = len(yadi)` लिहिलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं.

हा निष्काळजीपणा नव्हता, आणि ही चूक मला फार मोलाची वाटते. बायनरी सर्च लिहिण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. एका रीतीत उजवी कड पट्ट्यात धरतात. तेव्हा `hi` शेवटच्या जागेवर असते आणि अट `lo <= hi` अशी. दुसरीत उजवी कड पट्ट्याच्या बाहेर असते. तेव्हा `hi` शेवटच्या जागेच्या एक पाऊल पुढं, अट `lo < hi` आणि खालची ओळ `hi = mid`. वर्गात तिनं एक रीत पाहिली होती, पाठ्यपुस्तकात दुसरी. स्मरणानं एकीची सुरुवात उचलली आणि दुसरीची अट. दोन चांगल्या शर्टांची कापडं जोडून एक न बसणारा शर्ट शिवावा तसं झालं. उतरवून काढताना ही चूक कधीच झाली नसती, आणि म्हणूनच दोन रीती आहेत हेही तिला कधी कळलं नसतं.

चूक मी सांगितली नाही. तिला सात संख्या दिल्या: 4, 9, 15, 22, 31, 40, 58. त्यांच्या जागा 0 ते 6. म्हटलं, यात 60 शोध, हातानं, प्रत्येक फेरीत तीन खुणांच्या किमती लिहीत. तिच्या प्रोग्रामप्रमाणे `lo` 0, `hi` 7. मधली जागा 3, तिथं 22. 60 मोठा म्हणून `lo` झाला 4. मग मधली 5, तिथं 40, `lo` झाला 6. मग मधली 6, तिथं 58, `lo` झाला 7. आता `lo` 7 आणि `hi` 7, अट अजून खरी, मधली जागा 7. ती थांबली. "सर, सातव्या जागेवर काहीच नाहीये." पायथननं हेच `IndexError` म्हणून सांगितलं असतं. पण हातानं तिथवर पोचलेली व्यक्ती ती कड विसरत नाही.

त्यानंतर मूळ उत्तराशी ताडून बघायला दिलं. इथं एक नियम पाळावा लागतो. अडलं तर फक्त अडलेली ओळ बघायची, पान मिटायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायचं. मधूनच दुरुस्त करून पुढं गेलं तर ती ओळ बाकीच्या ओळींशी कशी बांधलेली आहे हे हाताला कळत नाही.

तिसऱ्या दिवशी प्रत्येक ओळ समजावून सांगायचं काम होतं. इथं बहुतेक जण फसतात, तीही फसली. `lo = mid + 1` या ओळीसमोर तिनं लिहिलं: "`mid` मध्ये एक मिळवून `lo` मध्ये ठेवले." हे स्पष्टीकरण नाही, भाषांतर आहे. पायथनमध्ये लिहिलेलं तिनं मराठीत लिहिलं, एवढंच. असं भाषांतर ज्याला काहीच समजलेलं नाही तोही करू शकतो. स्पष्टीकरणाची माझी कसोटी वेगळी आहे: ही ओळ बदलली तर नेमकं काय मोडेल, कुठल्या संख्येसाठी मोडेल, हे सांगता आलं पाहिजे.

ते सांगायचं तर आधी सगळ्या ओळी ज्याला धरून उभ्या आहेत ते एक वाक्य सापडावं लागतं. या प्रोग्रामचं वाक्य असं: x यादीत असेलच, तर तो `lo` पासून `hi` पर्यंतच्या जागांतच आहे, दोन्ही कडा धरून. संगणकशास्त्रात याला लूप इन्व्हेरियंट म्हणतात. आम्ही त्याला वचन म्हणू लागलो. हे वचन प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला पाळलं गेलंच पाहिजे. ते मिळाल्यावर ओळी आपोआप बोलू लागतात.

सुरुवातीला `lo` पहिल्या जागेवर आणि `hi` शेवटच्या जागेवर का? कारण अजून काहीच वगळलेलं नाही, पट्टा म्हणजे अख्खी यादी, म्हणून वचन खरं आहे. अट `lo <= hi` का? दोन्ही कडा एकाच जागेवर आल्या तरी पट्ट्यात एक जागा उरते आणि ती अजून तपासलेली नाही. `lo = mid + 1` का? मधली संख्या x पेक्षा लहान निघाली, तेव्हा ती आणि तिच्या डावीकडच्या सगळ्या बाद. मधली स्वतः तपासून झाली, म्हणून एक पाऊल पुढं. आणि शेवटची `return -1`? पट्टा रिकामा झाला. x असलाच तर या पट्ट्यात असणार होता. पट्ट्यात काही नाही, म्हणजे तो यादीतच नाही.

`lo = mid + 1` वर बोलताना ती एकदम अडखळली. "डावीकडच्या सगळ्या बाद कशावरून?" स्वतःच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "यादी चढत्या क्रमानं लावलेली आहे म्हणून." बारा ओळी पुन्हा वाचून बघा. यादी क्रमानं लावलेली हवी, असं कुठंही लिहिलेलं नाही. सगळा डोलारा त्या न लिहिलेल्या अटीवर उभा आहे. विस्कळीत यादी दिली तर हा प्रोग्राम तक्रार करत नाही, डोळ्यांसमोर असलेली संख्याही नाही म्हणून सांगून मोकळा होतो. नुसतं पाठ करणाऱ्याला ही अट दिसणं शक्य नाही, कारण पाठ करायला ती तिथं नाहीच. ओळ समजावून सांगताना तोंडून "कारण" हा शब्द निघाला की ती बाहेर येते.

मग आम्ही संगणकावर बसून ओळी मुद्दाम मोडायला सुरुवात केली. या पद्धतीतला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका वेळी एकच बदल करायचा, काय होईल ते आधी कागदावर लिहायचं आणि मगच चालवून बघायचं.

आधी ओरलमधला प्रश्न घेतला, `lo <= hi` ऐवजी `lo < hi`. तिनं अंदाज लिहिला की 58 सापडणार नाही, कारण ती शेवटची आहे. 58 सापडली नाहीच. पण 4, 15 आणि 31 याही सापडल्या नाहीत. सातांपैकी फक्त 22, 9 आणि 40 सापडल्या. अंदाज अर्धा बरोबर निघाला, आणि चुकलेल्या अर्ध्यानं खरं शिकवलं. बाद होतात त्या शेवटच्या संख्या नव्हेत, तर ज्यांच्यापर्यंत पोचताना पट्टा एका जागेचा उरतो त्या सगळ्या. शिवाय कुणी फक्त 22 शोधून "चालतंय" म्हणून प्रोग्राम पुढं दिला असता तर चूक कुणालाच दिसली नसती.

मग `hi = mid - 1` ऐवजी `hi = mid` केलं. सातही संख्या बिनचूक सापडल्या! तिला वाटलं, म्हणजे तो वजा एक उगाचच होता. म्हटलं, आता 10 शोध, जी यादीत नाही. पडदा थिजला. कागदावर बघितलं तर दोन्ही कडा जागा 2 वर येतात, मधलीही 2, तिथं 15. 10 लहान म्हणून `hi` पुन्हा 2. पट्टा आक्रसतच नाही, फेऱ्या संपतच नाहीत. यातून दुसरं वचन हाती लागलं: प्रत्येक फेरीत पट्टा निदान एका जागेनं लहान झालाच पाहिजे. पहिलं वचन उत्तर बरोबर ठेवतं, दुसरं प्रोग्राम थांबवतं. ते `+ 1` आणि `- 1` दुसऱ्या वचनासाठी आहेत. असलेल्या संख्यांवर चालणारा प्रोग्राम नसलेल्या संख्येवर लटकतो, म्हणून नसलेली संख्या शोधून बघितल्याखेरीज तपासणी पुरी होत नाही.

प्रत्येक ओळ समजावता आली म्हणजे सगळं जिंकलं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यासाठी `mid = (lo + hi) // 2` या सर्वांत निरुपद्रवी ओळीची गोष्ट सांगायला हवी. पायथनमध्ये ती निर्दोष आहे, कारण तिथं पूर्णांक हवा तेवढा मोठा होऊ शकतो. जावा भाषेत साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा 2147483647 आहे. यादी 107 कोटींहून मोठी झाली की दोन कडांची बेरीज ही मर्यादा ओलांडते, उत्तर ऋण होतं आणि प्रोग्राम कोसळतो. जावाच्या स्वतःच्या प्रमाणित ग्रंथालयात ही चूक जवळजवळ 9 वर्षं होती. तो भाग लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी 2006 मध्ये स्वतःच ते जाहीर सांगितलं. हे ब्लॉक विद्यार्थी असताना बेंटलींच्याच वर्गात बसलेले होते, जिथं मुलांकडून बायनरी सर्च लिहून घेऊन त्यातल्या चुका उलगडून दाखवल्या गेल्या. आणि बेंटलींच्या पुस्तकात, रीतसर सिद्ध करून दिलेल्या प्रोग्राममध्येही तीच बेरीज होती. जावामध्ये त्यासाठी `lo + (hi - lo) / 2` लिहितात. म्हणून स्पष्टीकरणाला एक पुस्ती जोडावी लागते: ही ओळ कुठल्या भाषेत, केवढ्या यादीवर खरी आहे? आपलं स्पष्टीकरण आपल्यालाच पटलं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. ते यंत्रावर आणि दुसऱ्या माणसापुढं तपासावं लागतं.

आठवड्यानं मी तिला शेवटचं काम दिलं. यादी 4, 9, 9, 9, 22. यातला पहिला 9 कुठं आहे ते सांगणारा प्रोग्राम लिही. मूळ प्रोग्राम मधला 9 बघताच जागा 2 सांगून थांबतो, बरोबर उत्तर आहे जागा 1. तिनं वचनापासून सुरुवात केली. म्हणाली, "सापडला तरी थांबायचं नाही. ही जागा टिपून ठेवायची आणि `hi` तिच्या डावीकडे न्यायची, कारण याच्या आधीचा असेल तर तो डावीकडेच असणार." `return mid` च्या जागी `ans = mid` आणि `hi = mid - 1`, सुरुवातीला `ans = -1` आणि शेवटी `return ans`. तिनं पहिल्याच प्रयत्नात लिहिलं, चार-पाच याद्यांवर चालवून बघितलं, त्यांत 9 अजिबात नसलेली यादीही होती. ती यादी घ्यायला मी सांगितलं नव्हतं.

एवढा खटाटोप सगळ्यासाठी करू नये, हेही सांगतो. एखाद्या फंक्शनचं नाव काय, कुठल्या फाइलमध्ये कुठली सेटिंग लिहायची, या गोष्टी बघून लिहिण्याच्याच आहेत. त्यांत "का" फारसा नसतो. दोनशे ओळींचं उत्तर अखंड आठवायला बसणंही वेळ घालवणं आहे. त्याचे पंधरा-वीस ओळींचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा काय घेतो आणि काय देतो हे एका वाक्यात लिहावं आणि ज्या तुकड्यात विचार आहे तेवढाच कोऱ्या कागदावर उतरवावा. आम्हाला या बारा ओळींना चार बैठका लागल्या, आणि प्रत्येक बैठक तासाभराहून मोठी नव्हती.

प्रोग्रामिंग शिकणारं कुणी घरात असेल तर त्याला हे पान दाखवा. वरच्या बारा ओळी आज वाचू द्या. उद्या वही मिटून, संगणक बंद ठेवून त्या लिहायला सांगा, आणि लिहून झालं की त्या सात संख्यांमध्ये आधी 58 आणि मग 10 हातानं शोधायला बसवा.